विज्ञानाच्या पेपरातही ‘अपठित’ हवे : माझ्या शिक्षक सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माध्यमिक विभागातील सर्व शिक्षक-शिक्षिका,
नाशिक

सप्रेम नमस्कार.

प्रथम सत्राच्या नियोजन सभेत प्रश्नपत्रिकांविषयी मी जे बोलत होते, ते वेळेअभावी अर्धेच राहिले. सभेनंतर आपण ज्या शंका विचारल्या त्या रास्त होत्या, आणि त्या इतर शाळांतल्या शिक्षकांनाही पडत असतील असे वाटले, म्हणून ते भाषण आता सविस्तर आणि सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. माझी विनंती एकच आहे. आठवी आणि नववीच्या प्रत्येक घटक चाचणीत काही गुण असे असावेत, की जे केवळ पाठ केलेले आठवून मिळणार नाहीत. ते मिळवायला मुलाला शिकलेली कल्पना नव्या ठिकाणी वापरावीच लागेल.

हे आपण आधीपासूनच करतो, असे आपल्यापैकी काहींचे म्हणणे होते, आणि कागदावर पाहिले तर ते खरेही आहे. आपल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेबरोबर संविधान तक्ता असतो, त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य असे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यात गुण भरलेले असतात. परंतु आकलनाच्या रकान्यात आपण बहुतेक वेळा कोणते प्रश्न टाकतो, ते पाहा. विज्ञानाच्या पेपरात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ हे दोन प्रश्न जवळपास ठरलेले असतात. ती कारणे पाठाखालच्या स्वाध्यायात असतात, त्यांची उत्तरे वर्गात फळ्यावर लिहून दिलेली असतात, गाइडमध्ये छापलेली असतात, आणि मुलांनी ती वहीत दोनदा उतरवलेली असतात. प्रश्नाच्या शब्दांत ‘कारण’ आले म्हणून मुलाच्या डोक्यात कार्यकारणाचा विचार झाला, असे होत नाही. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये उद्दिष्टांची जी वर्गवारी मांडली आणि जिची सुधारित आवृत्ती २००१ मध्ये आली, ती आपण सर्वांनी बी.एड.ला अभ्यासली आहे. त्या वर्गवारीबरोबर क्रियापदांच्या याद्या मिळतात : सांगा, ओळखा, स्पष्ट करा, विश्लेषण करा. या याद्यांनी आपली एक गैरसमजूत करून दिली आहे, की क्रियापद बदलले म्हणजे प्रश्नाची पातळी बदलते. माझ्या मते पातळी क्रियापदावर ठरत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मुलाने परीक्षेपूर्वी पाहिलेले आहे की नाही, यावर ती ठरते. पाहिलेल्या उत्तराचे ‘विश्लेषण करा’ म्हटले, तरी तपासले जाते ते स्मरणच.

भाषेच्या शिक्षकांना ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही, कारण त्यांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्य असते. मुलाला वाचता येते का, हे कळण्यासाठी त्याने पूर्वी न वाचलेला उतारा द्यावा लागतो, हे मराठीच्या बाईंना कोणी सांगण्याची गरज नाही. मग विज्ञानात, भूगोलात, गणितात मात्र आपण सगळे काही पठितावरच का विचारतो? प्रत्येक विषयाच्या पेपरात थोडे ‘अपठित’ असावे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते कसे रचायचे हे मी एकाच प्रश्नावर दाखवते.

माठातले पाणी थंड का होते, हा प्रश्न आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे अपेक्षित उत्तर वर्गातले जवळजवळ प्रत्येक मूल लिहू शकते : माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते, तिथे त्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी थंड होते. दोन गुण. उत्तरात चूक काहीच नाही. पण त्याच मुलांशी वर्गाबाहेर मोकळेपणाने बोलून पाहिले, तर काहींच्या मनात माती हा पदार्थच मुळात थंड असतो असे असते, आणि काहींना वाटते की छिद्रांतून बाहेरची हवा आत शिरते आणि पाणी गार करते. हे दोन्ही समज मनात तसेच ठेवून मूल वरचे पाच वाक्यांचे उत्तर अचूक लिहू शकते आणि दोन्ही गुण घेऊन जाते. आपल्याला मात्र उत्तरपत्रिकेवरून त्याचा पत्ता लागत नाही.

आता याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न पाहा. एप्रिल महिन्यात नाशिकच्या एका घरात सावलीत सारख्याच आकाराचे, सारख्याच मातीचे तीन माठ सकाळी एकाच वेळी सारखे पाणी भरून ठेवले. ‘अ’ माठ नेहमीसारखा उघड्यावर आहे. ‘ब’ माठाला बाहेरून सगळीकडे तैलरंगाचे दोन हात दिलेले आहेत. ‘क’ माठ ‘अ’सारखाच आहे, पण तो पत्र्याच्या मोठ्या पिंपात ठेवून पिंपाचे झाकण घट्ट लावले आहे. दुपारी तिन्ही माठांतल्या पाण्याचे तापमान घेतले, तेव्हा ‘अ’मधले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा बरेच थंड होते आणि ‘ब’ व ‘क’मधले पाणी विशेष थंड झालेले नव्हते. पहिला उपप्रश्न : ‘ब’मधले पाणी थंड का झाले नाही? दुसरा : ‘क’मधले पाणी थंड का झाले नाही? तिसरा : तिन्हींपैकी कोणत्या माठातले पाणी सर्वांत जास्त कमी झालेले असेल, आणि का?

या प्रश्नाचा कणा असा आहे, की ‘ब’ आणि ‘क’ दोघांचा परिणाम सारखा आहे, पण कारणे वेगळी आहेत. ‘ब’मध्ये रंगाने छिद्रे बुजली, त्यामुळे पाणी बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. ‘क’मध्ये छिद्रे उघडी आहेत, पाणी झिरपते, माठ बाहेरून ओलाही होतो, पण पिंपातली हवा थोड्याच वेळात बाष्पाने संपृक्त होते आणि पुढचे बाष्पीभवन जवळपास थांबते. ज्या मुलाने पाच वाक्ये पाठ केली आहेत ते दोन्ही ठिकाणी छिद्रांचाच उल्लेख करते, कारण त्याच्या साठ्यात तेवढेच आहे. ज्या मुलाला झिरपणे आणि बाष्पीभवन या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत हे समजले आहे, ते दोन माठांत कोणती पायरी कुठे अडली ते वेगवेगळे सांगते. तिसरा उपप्रश्न तर याहून सोपा दिसतो, पण तो उलट बाजूने तपासतो : पाणी थंड होण्याची किंमत पाण्यानेच मोजली जाते, म्हणून जो माठ सर्वांत थंड, त्याचेच पाणी सर्वांत जास्त घटणार. हे वाक्य मी अजून कोणत्याही गाइडमध्ये पाहिलेले नाही, आणि कल्पना समजलेल्या मुलाला ते क्षणात सुचते.

दहावीला अप्रकट उष्मा शिकवताना हाच प्रश्न गणितापर्यंत नेता येतो. १० लिटर पाण्याचे तापमान ५.४ अंश सेल्सिअसने उतरवायला ५४,००० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. १ ग्रॅम पाण्याच्या बाष्पनासाठी सुमारे ५४० कॅलरी लागतात असे धरले, तर १०० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा पेला पाणी उडून जायला हवे. इथपर्यंत सूत्रात आकडे घालणे आहे. त्यानंतर विचारावे, की प्रत्यक्षात माठातले पाणी याहून जास्त का कमी होते? माठ गार होताच भोवतालची तापलेली हवा त्याला सतत उष्णता देत राहते, आणि तीही बाष्पीभवनानेच काढून टाकावी लागते, हे ज्या मुलाला सुचेल त्याला त्या धड्याचा गाभा कळला आहे.

असा प्रश्न तयार झाला, की तो पेपरात घालण्यापूर्वी दोन सोप्या कसोट्यांवर पाहावा. पहिल्या कसोटीत पाठ्यपुस्तक आणि मुलांची वही उघडी ठेवून उत्तर शोधावे. एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे लिहिले की झाले’ असे म्हणता आले, तर प्रश्न स्मरणाचाच आहे, मग तो कितीही सजवलेला असो. दुसऱ्या कसोटीत तोच प्रश्न वेगळ्या विषयाच्या सहकाऱ्याला द्यावा. विज्ञानाचा प्रश्न इतिहासाच्या सरांनी घटक न उघडता, केवळ व्यवहारज्ञानावर पूर्ण सोडवला, तर तो त्या घटकाचे आकलन तपासत नाही. पहिली कसोटी पाठांतर पकडते, दुसरी कसोटी निव्वळ चतुराई पकडते. दोन्हींतून जो प्रश्न उरतो तो वापरण्याजोगा.

प्रश्नातले आकडे आणि निरीक्षणे मनाने रचू नयेत, हाही माझा आग्रह आहे. वरच्या प्रश्नात तापमाने द्यायची असतील तर प्रयोगशाळेतले तापमापी घेऊन तीन माठ खरोखर ठेवून पाहावेत, आणि जे आकडे येतील तेच छापावेत. नाशिकची एप्रिल-मेमधली हवा कोरडी असते, त्यामुळे फरक स्पष्ट दिसेल. तोच प्रयोग जुलैत केला तर ‘अ’ आणि ‘क’ यांतले अंतर घटलेले दिसेल, आणि तो पुढच्या चाचणीचा प्रश्न होईल.

गुणदानाकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण चांगले प्रश्न बहुतेक वेळा तिथेच वाया जातात. आपल्याला उत्तरातले ठळक शब्द शोधून बरोबरची खूण करण्याची सवय लागलेली आहे. ‘सूक्ष्म छिद्रे’, ‘बाष्पीभवन’, ‘उष्णता’ हे तीन शब्द दिसले की हात आपोआप गुण देतो. वरच्या प्रश्नात ‘क’ माठाच्या उत्तरात हेच तिन्ही शब्द असतील आणि उत्तर पूर्णपणे चुकीचे असेल, हे सहज शक्य आहे. म्हणून आदर्श उत्तराऐवजी प्रत्येक गुणामागे कोणती कल्पना अपेक्षित आहे ते आधी लिहून ठेवावे. पहिल्या उपप्रश्नाचा एक गुण ‘पाणी पृष्ठभागावर येत नाही’ यासाठी, दुसऱ्याचा एक गुण ‘पाणी पृष्ठभागावर येते, पण वाफ निघून जाऊ शकत नाही’ यासाठी, आणि तिसऱ्याचा एक गुण ‘अ’ ओळखून तो बाष्पीभवनाशी जोडल्याबद्दल. ‘आतली हवा ओलीच झाली, मग पाणी सुकणार कसे’ असे एखाद्या मुलाने लिहिले, तर त्याला पूर्ण गुण द्यावा. ‘संपृक्त’ हा शब्द आला नाही म्हणून तो कापू नये. त्या घटकात संज्ञा यायला हवी असेल, तर तिच्यासाठी वेगळा प्रश्न ठेवावा.

काही उत्तरे मधली येतील, आणि त्यांचा निर्णय आधी एकत्र बसून करावा लागेल. ‘क’ माठाला वारा लागत नाही म्हणून पाणी थंड झाले नाही, असे अनेक मुले लिहितील. हे अर्धे बरोबर आहे. वाऱ्याने बाष्पीभवन वाढते हे खरे, परंतु वारा नसलेल्या खोलीतही उघडा माठ पाणी गार करतोच, म्हणजे वारा नसणे हे मुख्य कारण नव्हे. मी इथे अर्धा गुण देईन. आपले मत वेगळे असू शकते. पण एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांत दोन वेगळे निर्णय होऊ नयेत.

आता अशा प्रश्नांत काय बिघडते, ते सांगते. सर्वांत मोठा दोष लांबीचा. प्रसंग रंगवण्याच्या भरात प्रश्न पाऊण पानाचा होतो आणि विज्ञान येत असूनही वाचनात मागे असलेले मूल तिथेच थांबते. ज्या तपशिलाचा उत्तराशी संबंध नाही तो काढून टाकावा. घर कोणाचे, पाहुणे कोण आले, याची गरज नाही. दुसरा दोष ओळखीच्या प्रसंगाचा. आपल्या भागात द्राक्षे आहेत म्हणून बेदाण्यावर प्रश्न काढण्याचा मोह होतो, आणि विषयही चांगला आहे : सुकवण्यापूर्वी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्याने सालीवरच्या मेणाचा थर पाण्याला अडवेनासा होतो आणि मणी लवकर सुकतात. पण निफाड किंवा दिंडोरीकडच्या बागाईतदाराच्या मुलाला हे घरीच ठाऊक असते आणि सातपूरच्या कामगाराच्या मुलीला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. तेव्हा असा प्रसंग घ्यायचा तर आवश्यक माहिती प्रश्नातच सर्वांना द्यावी, आणि त्या माहितीवरून निष्कर्ष काढायला सांगावा.

तिसरी गोष्ट म्हणजे अशा प्रश्नाचे आयुष्य एकाच परीक्षेपुरते असते. तीन माठांचा प्रश्न एकदा पेपरात आला, त्याचे उत्तर फळ्यावर सोडवले गेले, की पुढच्या वर्षी तोही पाठ होईल. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘महत्त्वाचे प्रश्न’ म्हणून तो वर्गात घेतला, तर त्याच दिवशी तो संपला. म्हणून प्रश्नपेढी करताना प्रश्न साठवण्यापेक्षा कल्पना आणि तिच्याभोवतीचे गैरसमज साठवावेत. झिरपणे आणि बाष्पीभवन वेगळे आहे, ही कल्पना कायम राहील. प्रसंग कधी माठाचा, कधी ओल्या कपड्यांचा, कधी कूलरचा असेल.

भूगोलाबद्दल थोडेसे. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, हा प्रश्न आपण दरवर्षी विचारतो. त्याऐवजी आपल्याच जिल्ह्यातल्या इगतपुरी, नाशिक आणि येवला या तीन ठिकाणांचे पर्जन्यमान नावे न लिहिता द्यावे, सह्याद्रीची रांग दाखवणारा कोरा नकाशा द्यावा आणि कोणता आकडा कोणत्या ठिकाणाचा ते कारणासह लिहायला सांगावे. इगतपुरी घाटमाथ्यावर आणि येवला पूर्वेला दूर, हे नकाशावर दिसतेच. वाऱ्याची दिशा मुलाने स्वतः जोडायची आहे. इतर विषयांचे आपण आपापल्या विभागात ठरवावे. त्यात मी शिरत नाही.

सभेत सर्वांत जास्त काळजी व्यक्त झाली ती अभ्यासात मागे असलेल्या मुलांविषयी. पाठांतराच्या आधारावर जी मुले कशीबशी उत्तीर्ण होतात, त्यांचा तो आधार आपण काढून घेणार का, असे एका बाईंनी विचारले. ही काळजी मला मोलाची वाटते, आणि म्हणूनच मी प्रमाण मर्यादित ठेवण्यास सांगत आहे. २० गुणांच्या घटक चाचणीत ६ गुण अपठित, बाकी १४ नेहमीप्रमाणे. संज्ञा, चिन्हे, सूत्रे, व्याख्या पाठ असायलाच हव्यात; ‘बाष्पीभवन’ म्हणजे काय हे आठवत नसेल तर तीन माठांचा विचार सुरूच होऊ शकत नाही. शिवाय असे दिसते, की पाठांतरात मागे असलेली काही मुले अशा प्रश्नांत अनपेक्षितपणे चांगली उत्तरे देतात, कारण हाताने काम करताना त्यांनी पुष्कळ पाहिलेले असते. ती सगळीच देतील असा माझा दावा नाही. जी देणार नाहीत, त्यांचे नेमके कुठे अडते हे आपल्याला उत्तरातून कळेल, आणि उपचारात्मक अध्यापनाला तीच दिशा मिळेल.

दहावीच्या वर्गाला मी यातून बाहेर ठेवत आहे, म्हणजे त्यांचा मंडळाच्या आराखड्याप्रमाणे सराव चालूच राहील. त्यांच्यासाठी असे प्रश्न वर्गातल्या चर्चेपुरते वापरावेत. पालकांना उत्तर द्यायची वेळ आली, तर आठवी-नववीच्या घटक चाचण्यांचे प्रश्न शाळाच काढते आणि हा निर्णय मुख्याध्यापकांचा आहे, असे स्पष्ट सांगावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही मूल्यमापन पाठांतराकडून आकलनाकडे नेण्याची भूमिका आहे, हे त्यांना दाखवता येईल.

प्रश्न जमला की नाही, हे चाचणीनंतर मोजून पाहता येते, आणि त्याला एक तासही लागत नाही. ६० मुलांचा वर्ग असेल तर एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका लावाव्यात आणि वरच्या व खालच्या २७ टक्क्यांच्या, म्हणजे प्रत्येकी १६, वेगळ्या काढाव्यात. समजा ‘क’ माठाचा उपप्रश्न वरच्या गटात १२ जणांनी आणि खालच्या गटात ४ जणांनी बरोबर सोडवला. ३२ पैकी १६ बरोबर, म्हणजे सुलभता ०.५, आणि १२ मधून ४ वजा करून १६ ने भागले, की भेदनक्षमताही ०.५. हा प्रश्न चांगला चालला. दोन्ही गटांत जवळपास सारखेच बरोबर आले, तर प्रश्न फार सोपा, फार अवघड किंवा संदिग्ध आहे. आणि वरच्या गटापेक्षा खालच्या गटाने जास्त बरोबर दिले, तर घाईने प्रश्नाला दोष देऊ नये. ती उत्तरे आधी वाचावीत. प्रश्नात दोन अर्थ निघत असतील, किंवा आपला वरचा गटच पाठांतरावर उभा असेल. दोहोंपैकी काय झाले, हे आकडा सांगत नाही. ते उत्तरपत्रिकेतली वाक्ये सांगतात.

पुढचे काम असे ठरवले आहे. पहिल्या घटक चाचणीसाठी आठवी-नववीच्या प्रत्येक विषय शिक्षकाने एकच अपठित प्रश्न, तीन उपप्रश्नांचा, प्रत्येक उपप्रश्नाला दोन गुण, अशा स्वरूपात काढावा. तीन माठांचा प्रश्न घेतला, तर वर लिहिलेले गुणदान दुप्पट धरावे. प्रश्नाबरोबर दोन गोष्टी लिहून द्याव्यात : कोणती कल्पना तपासायची आहे, आणि ती न समजलेले मूल कोणते चुकीचे उत्तर लिहील. हे दुसरे लिहिता आले नाही, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही असे समजावे. चाचणीच्या दोन आठवडे आधी हे कागद विभागप्रमुखांकडे द्यावेत. विज्ञानाचे प्रश्न मी स्वतः इतिहास विभागात सोडवायला देणार आहे आणि इतिहासाचे विज्ञान विभागात. या कामासाठी शनिवारची शेवटची तासिका दोन महिने मोकळी ठेवली आहे आणि त्या तासिकेला कोणालाही बदली तास लावला जाणार नाही.

आपली,
मुख्याध्यापिका
नाशिक